रुंद वर्गाचा आयत किती उंच?

देशात दर पाच वर्षांनी कृषी गणना होते. १९७०-७१ साली ती सुरू झाली आणि २०१५-१६ ची गणना दहावी. तिच्या अहवालात एक छोटा तक्ता असतो, आणि अकरावी-बारावीच्या सांख्यिकीतला एक नेहमी चुकणारा धडा समजून घ्यायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. २०१५-१६ मध्ये देशात सुमारे १४.६५ कोटी वहिती खाती मोजली गेली. वहिती खातं म्हणजे एक कुटुंब किंवा व्यक्ती एकत्र कसते ती सगळी जमीन, मग सातबाऱ्यावर नाव कुणाचंही असो. त्यातली ६८.४५ टक्के खाती १ हेक्टरपेक्षा लहान होती. ती अत्यल्प भूधारकांची. १ ते २ हेक्टरमधली अल्पभूधारकांची खाती १७.६२ टक्के, २ ते ४ मधली निम-मध्यम ९.५५ टक्के, ४ ते १० मधली मध्यम ३.८० टक्के, आणि १० हेक्टर किंवा त्याहून मोठी फक्त ०.५७ टक्के.

या तक्त्यातल्या वर्गांची रुंदी पाहा. पहिले दोन वर्ग एकेक हेक्टरचे, तिसरा दोन हेक्टरचा, चौथा सहा हेक्टरचा, आणि पाचव्याला तर वरची मर्यादाच नाही. हा गलथानपणा नाही, ती गरज आहे. सगळे वर्ग ५ हेक्टरचे केले असते, तर ० ते ५ या पहिल्याच वर्गात ९५ टक्क्यांहून अधिक खाती जाऊन बसली असती आणि अर्ध्या हेक्टरचा शेतकरी व साडेचार हेक्टरचा शेतकरी यांच्यातला फरक तक्त्यातून पुसला गेला असता. उलट सगळे वर्ग अर्ध्या हेक्टरचे केले, तर पहिल्या दोन-चार ओळींत सगळी गर्दी झाली असती आणि पुढे जवळजवळ रिकाम्या ओळींची रांग लागली असती. जिथे माहिती दाट तिथे वर्ग अरुंद आणि जिथे ती विरळ तिथे रुंद, असं करण्यावाचून इथे गत्यंतर नाही. जमीन, उत्पन्न, कर्जाची रक्कम, घराचं भाडं अशा एका बाजूला लांब शेपूट असलेल्या सगळ्याच माहितीची हीच गत असते.

तक्ता करताना घेतलेली ही सोय चित्र काढताना मात्र फसवते. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर हेक्टर मांडायचे, उभ्या अक्षावर टक्के, आणि प्रत्येक वर्गावर त्याच्या टक्क्यांइतका उंच आयत उभा करायचा, असंच बहुतेक जण करतात. मग १ ते २ हेक्टरच्या वर्गाचा आयत १ रुंद आणि १७.६२ उंच होतो. ४ ते १० च्या वर्गाचा आयत ६ रुंद आणि ३.८० उंच होतो, म्हणजे त्याचं क्षेत्रफळ २२.८. बघणाऱ्याच्या डोळ्यांत रंगवलेला भाग भरतो, त्यामुळे मध्यम शेतकरी अल्पभूधारकांपेक्षा जास्त आहेत असं चित्र सांगू लागतं. प्रत्यक्षात ते त्यांच्या एक-पंचमांशाच्या जरासेच वर आहेत. आकडे खरे, मोजमाप खरं, आणि तरीही चित्र खोटं.

स्तंभालेख आणि आयतालेख यांतला फरक इथेच आहे. तक्त्यातली फक्त नावं घेतली, म्हणजे अत्यल्प, अल्प, निम-मध्यम वगैरे, आणि एकसारख्या रुंदीचे पाच सुटे स्तंभ काढले, तर त्यात काही चूक नाही. तो स्तंभालेख झाला. तिथे स्तंभाच्या रुंदीला अर्थच नसतो, सगळं काही उंची सांगते. पण आडव्या अक्षावर हेक्टरांची मोजपट्टी आली की रुंदीला अर्थ येतो. आयतालेखात वारंवारता आयताच्या क्षेत्रफळातून दाखवायची असते. सगळे वर्ग सारख्या रुंदीचे असतील तर क्षेत्रफळ आणि उंची यांचं प्रमाण एकच राहतं, म्हणून शाळेत वर्षानुवर्षं उंचीवर वारंवारता मांडून चालून जातं. ती त्या विशेष परिस्थितीतली सूट होती, हे मुलांना कुणी सांगत नाही. मग एक दिवस असमान वर्ग समोर येतात आणि सवय घात करते.

आता हे सगळं हाताने, पहिल्या पायरीपासून करून पाहू. समजा, एका लहान वाडीत २५ वहिती खाती आहेत आणि त्यांची क्षेत्रं हेक्टरमध्ये अशी लिहून मिळाली आहेत. ही यादी काल्पनिक आहे, समजायला सोपी जावी म्हणून बनवलेली:

०.६०, १.४०, ०.३५, ४.००, ०.८०, २.४०, ०.९५, १.१०, ०.४०, ३.५०, ०.७५, १.००, ०.५५, ७.६०, ०.२०, १.८०, २.००, ०.६०, १.२०, ०.८०, २.८०, ५.२०, ०.४०, १.६०, ३.२०

सगळ्यांत लहान खातं ०.२० हेक्टरचं, म्हणजे जेमतेम वीस गुंठ्यांचं. सगळ्यांत मोठं ७.६० हेक्टरचं. अर्ध्या हेक्टरचे समान वर्ग करायला गेलो तर ० ते ८ पर्यंत सोळा वर्ग होतात आणि ४ हेक्टरच्या पुढच्या आठ वर्गांपैकी पाच रिकामे राहतात. २ हेक्टरचे समान वर्ग केले तर १७ खाती एकट्या पहिल्या वर्गात कोंबली जातात. म्हणून कृषी गणनेचेच वर्ग घेऊ: ०-१, १-२, २-४, ४-१०. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे वाडीचं चित्र देशाच्या चित्राशेजारी ठेवता येतं.

पहिली अडचण खुणा करतानाच येते. यादीत १.०० आहे, २.०० आहे आणि ४.०० आहे. ही खाती कुठल्या वर्गात टाकायची? वर्ग सलग असले की नियम एकच ठेवायचा: खालची मर्यादा वर्गात धरायची, वरची धरायची नाही. म्हणून १.०० हे खातं १-२ मध्ये, २.०० हे २-४ मध्ये आणि ४.०० हे ४-१० मध्ये जाईल. कृषी गणनेची भाषाही अशीच असते: '१ हेक्टरपेक्षा कमी', मग '१ ते २'. नियम ठरवला नाही तर एक खातं दोनदा मोजलं जातं किंवा निसटतं. म्हणून यादीतल्या एकेक आकड्यावर काट मारत ताळ्याची खूण करावी आणि शेवटी बेरीज २५ येते का ते पाहावं. मात्र ही बेरीज सगळ्या चुका पकडत नाही. १.०० चुकून पहिल्या वर्गात गेलं तरी बेरीज २५ च भरते. सीमेवरचे आकडे आधी गोल करून ठेवणं हा त्यावरचा साधा उपाय.

नेहमीच्या वारंवारता सारणीला आता दोन रकाने जोडायचे आहेत: वर्गाची रुंदी, आणि वारंवारतेला रुंदीने भागून येणारी वारंवारता घनता.

| वर्ग (हेक्टर) | वारंवारता (खाती) | रुंदी (हेक्टर) | घनता (खाती दर हेक्टरी) |
|---|---|---|---|
| ०-१ | ११ | १ | ११ |
| १-२ | ६ | १ | ६ |
| २-४ | ५ | २ | २.५ |
| ४-१० | ३ | ६ | ०.५ |
| एकूण | २५ | | |

घनतेच्या रकान्याची बेरीज केलेली नाही, कारण तिला काही अर्थ नाही. दर हेक्टरी अकरा आणि दर हेक्टरी अडीच यांची बेरीज म्हणजे दोन बसच्या वेगांची बेरीज. उत्तरपत्रिकांत ही बेरीज पुष्कळदा केलेली दिसते. ज्याने ती केली त्याला घनता म्हणजे काय ते अजून उमगलेलं नाही, हे तिथेच कळतं.

आता कागदावर या. आडव्या अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे १ हेक्टर. उभ्या अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे दर हेक्टरी १ खातं. पहिला आयत १ सेंटिमीटर रुंद, ११ उंच. दुसरा १ रुंद, ६ उंच. तिसरा २ रुंद, अडीच उंच. चौथा ६ सेंटिमीटर पसरलेला आणि फक्त अर्धा सेंटिमीटर उंच, जमिनीला चिकटलेल्या पट्टीसारखा. आयतांमध्ये फट ठेवायची नाही. मग आलेखाच्या कागदावरचे चौकोन मोजा. पहिल्या आयतात ११ चौरस सेंटिमीटर, दुसऱ्यात ६, तिसऱ्यात ५, चौथ्यात ३. एकूण २५. प्रत्येक चौरस सेंटिमीटर म्हणजे एक खातं, म्हणजेच वाडीतला एक शेतकरी. असमान वर्गांचा आयतालेख बरोबर आला की नाही हे पाहण्याची याहून पक्की रीत नाही: चित्रातलं एकूण क्षेत्रफळ एकूण वारंवारतेशी जुळलं पाहिजे.

घनता न काढता उंचीवर सरळ ११, ६, ५, ३ मांडले असते, तर क्षेत्रफळं ११, ६, १० आणि १८ झाली असती. बेरीज ४५. त्यातला ४० टक्के भाग एकट्या ४-१० च्या वर्गाने व्यापला असता, जिथे वाडीतले फक्त १२ टक्के शेतकरी आहेत.

भागाकारच का करायचा, हा प्रश्न मुलं विचारतात आणि तो विचारलाच पाहिजे. त्याचं उत्तर सूत्रात शोधू नये, दोन वर्ग जोडून पाहावेत. ०-१ आणि १-२ हे वर्ग एकत्र करून ०-२ असा एकच वर्ग केला तर त्याची वारंवारता १७ होते. वाडीत काहीच बदललेलं नाही, कुणी जमीन घेतली नाही की विकली नाही. फक्त मधली रेघ पुसली. तरीही उंचीवर वारंवारता मांडली तर ११ आणि ६ उंचीच्या दोन आयतांच्या जागी अचानक १७ उंचीचा मनोरा उभा राहतो. घनता काढली तर १७ भागिले २, म्हणजे साडेआठ. ११ आणि ६ यांच्या बरोबर मधली उंची. मोठा आयत थोडा खाली येतो, लहान थोडा वर जातो, आणि क्षेत्रफळ १७ चं १७ राहतं. वर्गाची रेघ कुठे ओढली यावर चित्राचा एकूण आकार फारसा अवलंबून राहू नये, एवढंच आपल्याला हवं असतं. भागाकाराने ते साधतं.

पूर्णपणे साधतं असं मात्र नाही. वाडीतलं सर्वांत मोठं खातं ७.६० हेक्टरचं आहे. शेवटचा वर्ग ४-१० ऐवजी ४-८ केला असता तर त्याची घनता ३ भागिले ४, म्हणजे ०.७५ आली असती. दोन्ही चित्रं बरोबरच. म्हणून वर्ग आधी ठरवावेत, चित्र मागाहून काढावं. मनासारखं चित्र येईपर्यंत वर्ग सरकवत राहणं ही लबाडी आहे आणि ती फार सोपी आहे.

उलट दिशेनेही जाऊन पाहू. ०-१ हा वर्ग ०-०.५ आणि ०.५-१ असा फोडला तर पहिल्या भागात ४ खाती येतात, दुसऱ्यात ७. आता वारंवारतांच्या क्रमाने पाहिलं तर ०.५-१ मध्ये ७, १-२ मध्ये ६, २-४ मध्ये ५ आणि ०-०.५ मध्ये ४. वाटतं की अर्ध्या हेक्टरच्या आतले शेतकरी निम-मध्यम शेतकऱ्यांपेक्षाही विरळ आहेत. पण ते ४ जण अर्ध्या हेक्टरच्या पट्ट्यात आहेत आणि निम-मध्यम ५ जण दोन हेक्टरच्या. घनता काढली की ०.५-१ ची १४, ०-०.५ ची ८, मग १-२ ची ६ आणि २-४ ची अडीच. क्रम सरळच बदलला. बहुलक वर्ग शोधतानाही हेच ध्यानात ठेवावं लागतं: असमान वर्गांत ज्याची घनता सर्वांत जास्त तो बहुलक वर्ग. सर्वांत मोठी वारंवारता शोधून त्यावर बोट ठेवलं तर बहुधा सर्वांत रुंद वर्गच हाती लागतो.

एनसीईआरटीच्या नववीच्या गणितात हीच गोष्ट जरा वेगळ्या वेषात येते. तिथे ९० विद्यार्थ्यांच्या गुणांच्या एका उदाहरणात बहुतेक वर्ग १० गुणांचे आहेत, पण पहिला ०-२० असा २० गुणांचा आहे आणि शेवटचा ७०-१०० असा ३० चा. पुस्तक सर्वांत कमी रुंदी, म्हणजे १०, प्रमाण मानतं आणि ०-२० च्या ७ विद्यार्थ्यांसाठी ७ भागिले २० गुणिले १०, म्हणजे ३.५ अशी उंची काढतं. शेवटच्या वर्गातल्या ८ जणांसाठी ती २.६७ येते. ही समायोजित वारंवारता म्हणजे घनताच, फक्त दर १ गुणाऐवजी दर १० गुणांमागे मोजलेली. चित्राचा आकार दोन्ही रीतींनी एकच येतो. फरक पडतो तो उभ्या अक्षावर काय लिहायचं यात. तिथे नुसतं 'विद्यार्थी' लिहून भागत नाही, 'विद्यार्थी, दर १० गुणांमागे' असं लिहावं लागतं. आपल्या उदाहरणातही 'खाती' एवढंच लिहिलं तर वाचणारा २-४ च्या आयतावर अडीच खाती वाचेल आणि अर्धा शेतकरी कुठून आला म्हणून गोंधळेल.

रुंदी काढतानाच एक सापळा आहे, त्याकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण इथे पाठ केलेला नियम चुकीचं उत्तर देतो. लोकसंख्येची माहिती पुष्कळदा ०-१४, १५-५९ आणि ६० वर्षांपुढे अशा वयोगटांत मिळते. १५-५९ ची रुंदी किती? ५९ वजा १५, म्हणजे ४४, असं पटकन लिहिलं जातं. ते चूक आहे. मग ज्यांना समावेशक वर्ग सलग करायचा नियम आठवतो ते दोन्हीकडे अर्धा मिळवून-वजा करून १४.५ ते ५९.५ करतात. रुंदी ४५ बरोबर येते, पण आयत अर्धं वर्ष डावीकडे सरकतो. आपण वय पूर्ण झालेल्या वर्षांत सांगतो. ज्याचा साठावा वाढदिवस उद्या आहे तोही आज ५९ वर्षांचाच. म्हणजे हा वर्ग १५ पासून ६० पर्यंत सलग पसरलेला आहे. अर्ध्याचा नियम लागतो तो जवळच्या पूर्ण अंकापर्यंत मोजलेल्या गोष्टींना, जसं सेंटिमीटरमध्ये लिहिलेली उंची. १५० ते १५९ सेंटिमीटर हा वर्ग खरोखर १४९.५ ते १५९.५ असतो. आकडा कसा लिहिला गेला हे विचारल्याशिवाय रुंदी सांगता येत नाही.

संगणकावर हे चित्र काढणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीची काळजी घ्यावी. एक्सेलमधला तयार आयतालेख समान रुंदीचेच वर्ग करतो, असमान वर्ग घेत नाही, आणि साध्या स्तंभांच्या आलेखात सगळे स्तंभ सारखेच रुंद येतात. R ही सांख्यिकीची मोफत प्रणाली मात्र असमान वर्ग दिले की आपणहून घनता मांडते. वरची २५ क्षेत्रं `x` मध्ये ठेवली असतील तर आज्ञा अशी:

```
hist(x, breaks = c(0, 1, 2, 4, 10), right = FALSE)
```

यात उंची ०.४४, ०.२४, ०.१० आणि ०.०२ अशी येते. ती आपलीच घनता आहे, फक्त २५ ने भागलेली, त्यामुळे एकूण क्षेत्रफळ १ होतं. शेवटचा `right = FALSE` गाळला तर R वरची मर्यादा वर्गात धरते. मग १.०० हे खातं पहिल्या वर्गात जातं, २.०० दुसऱ्यात, ४.०० तिसऱ्यात, आणि मोजणी ११, ६, ५, ३ ऐवजी १२, ६, ५, २ होते. चित्र पाहून हे कळणार नाही. हाताने केलेल्या सारणीशी ताडून पाहिलं तरच कळतं.

बरोबर काढलेल्या आयतालेखातून मधल्या भागाचा अंदाजही घेता येतो. वाडीत ३ ते ५ हेक्टरच्या दरम्यान किती खाती असतील? ३ ते ४ हा तुकडा १ रुंद, अडीच उंच. ४ ते ५ हा १ रुंद, अर्धा उंच. क्षेत्रफळ ३. यादीत ३.२०, ३.५० आणि ४.०० अशी तीनच खाती आहेत. अंदाज बरोबर निघाला. पण ० ते अर्धा हेक्टर किती, असं विचारलं तर चित्र साडेपाच सांगतं आणि यादीत आहेत ४. कारण चित्र असं गृहीत धरतं की वर्गाच्या आत खाती सारखी पसरलेली आहेत. तसं नसेल तितका अंदाज चुकतो, आणि वर्ग जितका रुंद तितकी चुकायला जागा जास्त.

देशाच्या तक्त्यात ही चूक कोणत्या बाजूला होईल हे आधीच सांगता येतं, आणि मला या विषयात सर्वांत आवडतं ते हेच. त्या आकड्यांची घनता अशी: ०-१ मध्ये दर हेक्टरी ६८.४५ टक्के, १-२ मध्ये १७.६२, २-४ मध्ये सुमारे ४.७८ आणि ४-१० मध्ये सुमारे ०.६३. त्यावरून ३ ते ५ हेक्टरमधली खाती ४.७८ अधिक ०.६३, म्हणजे साधारण ५.४ टक्के. आता कृषी गणनेत प्रत्येक वर्गाचं सरासरी क्षेत्रही दिलेलं असतं. २-४ च्या वर्गाची सरासरी २.६९ हेक्टर आहे. खाती सारखी पसरली असती तर ती ३ आली असती. म्हणजे त्या वर्गात ३ च्या आतलीच खाती जास्त, आणि ३ ते ४ साठी काढलेला ४.७८ चा अंदाज फुगलेला. ४-१० च्या वर्गाची सरासरी ५.७२ आहे, मध्य मात्र ७. म्हणजे तिथेही खाती ४ च्या बाजूला झुकलेली, आणि ४ ते ५ साठीचा ०.६३ हा अंदाज कमी पडणारा. एक अंदाज जास्त, एक कमी. पहिल्या वर्गाची सरासरी तर ०.३८ हेक्टर आहे, अर्ध्या हेक्टरच्याही आत. आयताचा वरचा काठ सपाट दिसतो, पण आतली माणसं डावीकडे दाटलेली आहेत.

म्हणूनच कृषी गणना आपल्या सविस्तर तक्त्यांत दहा वर्ग करते. १ हेक्टरच्या आत ०.५ वर रेघ मारते, २-४ चे २-३ आणि ३-४ करते, ४-१० चे ४-५, ५-७.५ आणि ७.५-१० असे तीन भाग करते, आणि मोठ्या खात्यांतही २० हेक्टरवर आणखी एक रेघ असते. हे वर्गही असमानच आहेत, पण सपाट काठ आता जास्त ठिकाणी मोडतो आणि आयतालेख खऱ्या उताराच्या जवळ जातो.

राहिला तो उघडा वर्ग, '१० हेक्टर व त्याहून अधिक'. रुंदीच नाही तर भागायचं कशाने? वर्गात सहसा असं शिकवतात की उघड्या वर्गाला शेजारच्या वर्गाची रुंदी द्यावी. इथे शेजारी ४-१०, रुंदी ६. म्हणजे १०-१६. पण कृषी गणना सांगते की या मोठ्या खात्यांची सरासरीच १७.०७ हेक्टर आहे. सगळी खाती १६ च्या आत असतील तर त्यांची सरासरी १७ कशी येईल? पाठ केलेला नियम इथे उघडच मोडतो. वर्ग २० ला बंद केला तरी भागत नाही, कारण खाती सारखी पसरली तरी सरासरी १५ च येईल आणि झुकाव डावीकडे असला तर त्याहूनही कमी. सारख्या पसरणीत सरासरी १७ च्या आसपास हवी असेल तर वरची मर्यादा सुमारे २४ घ्यावी लागते, कारण १० आणि २४ यांचा मध्य १७. मग रुंदी १४ आणि घनता ०.५७ भागिले १४, म्हणजे ०.०४ टक्के दर हेक्टरी. २४ हेक्टरपेक्षा मोठी खाती देशात आहेतच, त्यामुळे हाही आयत तडजोडीचाच. पण निदान तो तक्त्यातल्याच दुसऱ्या आकड्याशी भांडत नाही. जिथे सरासरी दिलेली नसते तिथे मला प्रामाणिक वाटतो तो मार्ग म्हणजे उघडा वर्ग काढूच नये आणि चित्राखाली लिहावं: '१० हेक्टरपुढची ०.५७ टक्के खाती दाखवलेली नाहीत.'

हे चित्र प्रत्यक्ष कागदावर उतरवायला बसलात तर प्रमाणाचा प्रश्न येतो. उभ्या अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे दर हेक्टरी ५ टक्के घेतले तर पहिला आयत १३.७ सेंटिमीटर उंच होतो, दुसरा साडेतीन, तिसरा जेमतेम १, चौथा सव्वा मिलिमीटरच्या आसपास. पाचव्याची उंची मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी येते, पेन्सिलीच्या रेघेपेक्षा बारीक. अशा वेळी पहिल्या उंच आयताच्या मध्ये नागमोडी रेघ मारून तो तोडण्याचा मोह होतो. स्तंभालेखात तशी खूण पुष्कळदा दिसते. आयतालेखात ती चालणार नाही, कारण तोडलेल्या आयताचं क्षेत्रफळ आता ६८.४५ सांगत नाही आणि सगळं चित्र ज्या क्षेत्रफळावर उभं आहे तोच आधार जातो. त्याऐवजी दोन चित्रं काढावीत. एक ० ते १० हेक्टरचं, पूर्ण उंचीचं. दुसरं फक्त २ हेक्टरच्या पुढचं, उभं प्रमाण दसपट मोठं करून, म्हणजे १ सेंटिमीटरला दर हेक्टरी अर्धा टक्का. त्यात २-४ चा आयत साडेनऊ सेंटिमीटर, ४-१० चा सव्वा सेंटिमीटर आणि २४ पर्यंत पसरलेला मोठ्या खात्यांचा आयत जेमतेम एक मिलिमीटर येतो. तो दिसतो. दोन्ही चित्रांच्या उभ्या अक्षावर एकच नाव लिहायचं, 'टक्के खाती, दर हेक्टरी', आणि प्रमाण वेगळं आहे हे शेजारी स्पष्ट नोंदवायचं.